मेंटेनन्स किती वाढवायचा? नाव न विचारता कौल घेण्याची आणि तो सांगण्याची रीत

सोसायटीच्या सभेत मेंटेनन्सवाढीचा विषय निघाला की हात वर होतात ते सगळे मनातले नसतात. पेन्शनवर घर चालवणारे काका शेजारच्या दोन इंजिनिअर मुलांसमोर “आम्हाला आठशे रुपये झेपणार नाहीत” असं म्हणत नाहीत. ज्यांची मागची दोन बिलं थकली आहेत ते तर तोंडच उघडत नाहीत, कारण बोललं की थकबाकीचा विषय निघणार. दुसऱ्या बाजूला, लिफ्ट बदलायलाच हवी असं मनापासून वाटणारी बाईही गप्प बसते, कारण वाढीच्या बाजूने बोललं की “तुम्हाला काय, तुमचं बरं चाललंय” हे ऐकून घ्यावं लागतं. मग जो आधी आणि मोठ्याने बोलतो त्याचंच मत सभेचं मत ठरतं. ठराव होतो आणि पुढचं वर्षभर जिन्यात कुरबुर चालू राहते.

म्हणून सभेच्या आधी निनावी कौल घ्यावा, या मताचा मी आहे. मात्र अर्धवट निनावी कौल हा उघड हात वर करण्यापेक्षा वाईट. लोक विश्वासाने खरं सांगतात आणि निकाल लावणारा नकळत त्यांना उघडं पाडतो. शिवाय एकाच कौलातून दोन उलटे निष्कर्ष निघू शकतात. तेव्हा मत गोळा कसं करायचं आणि निकाल सांगायचा कसा, या दोन्हींचा विचार पहिली चिठ्ठी छापण्याआधीच झाला पाहिजे.

आधी कौलाची मर्यादा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत वाढ ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा. कौल म्हणजे ठराव नव्हे. बिलातल्या सगळ्या रकमा लोकांच्या मर्जीच्याही नसतात. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर, मालमत्ता कर पालिका लावेल तसा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. या किमान रकमांच्या खाली जाऊ का, असा कौल घेण्यात अर्थ नाही. “मोठ्या फ्लॅटने सेवाशुल्क जास्त द्यावं का?” असं विचारलं तर बहुतेक लहान फ्लॅट ‘हो’ म्हणतील, पण त्या ‘हो’चं कमिटीला काही करता येणार नाही. वॉचमन किती हवेत, सफाई किती वेळा हवी, लिफ्टचा देखभाल करार कोणत्या दर्जाचा घ्यायचा, आणि या सगळ्यासाठी महिन्याला किती जास्त द्यायची तयारी आहे, एवढंच विचारण्यासारखं असतं.

प्रश्न कसा विचारायचा हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, डोंबिवलीत अठ्ठेचाळीस घरांची सोसायटी आहे. ए आणि बी विंगमध्ये प्रत्येकी वीस घरं, सी विंगमध्ये आठ. महिन्याचा मेंटेनन्स ३,००० रुपये. सुरक्षा एजन्सीने दर वाढवलेत, उन्हाळ्यात टँकर लागतो, लिफ्टचा करार महागलाय. कमिटीच्या हिशेबाने ८०० रुपये वाढ हवी.

अशा वेळी सहसा प्रश्न येतो तो असा : “सोसायटीच्या सोयींचा दर्जा टिकवण्यासाठी मेंटेनन्स वाढवावा का? हो / नाही.” यात दोन दोष आहेत. ‘दर्जा टिकवण्यासाठी’ हे शब्द उत्तर देणाऱ्याला ‘हो’कडे ढकलतात. शिवाय रक्कमच नाही, त्यामुळे शंभर रुपयांना राजी असलेला आणि आठशेला राजी असलेला दोघं एकाच ‘हो’त बसतात. मी प्रश्न असा ठेवीन : “सध्याच्या ३,००० रुपयांवर दरमहा जास्तीत जास्त किती वाढ तुम्हाला मान्य आहे?” पर्याय चार : वाढ नको, ३०० रुपयांपर्यंत, ५०० रुपयांपर्यंत, ८०० रुपयांपर्यंत. चिठ्ठीच्या पाठीमागे प्रत्येक रकमेत काय होईल ते दोन-दोन ओळींत. तीनशेत सुरक्षा एजन्सीची दरवाढ भागते, टँकरचं वेगळं बिल येईल. पाचशेत टँकरही बसतो. आठशेत लिफ्टचा सुट्या भागांसहितचा करार घेता येतो. वाढ नको असेल तर रात्रीचा एक वॉचमन कमी करावा लागेल. हे सगळं साध्या शब्दांत, धमकी वाटू न देता लिहायचं.

आता गोळा करणं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नेहमीचा पोल या कामाचा नाही. त्यात “View votes” दाबलं की कुणी काय निवडलं हे नावानिशी दिसतं. गूगल फॉर्म बरा, पण त्याच्या सेटिंग्ज नीट बघायला हव्यात. “Collect email addresses” बंद पाहिजे. “Limit to 1 response” चालू केलं की उत्तर देणाऱ्याला गूगल खात्यातून आत यावं लागतं. तुमचा ईमेल फॉर्मच्या मालकाला त्यामुळे दिसत नाही, पण पडद्यावर स्वतःचं खातं दिसलं की माणूस बिचकतो. आणि ही मर्यादा खात्यावर आहे, घरावर नाही. एका घरात चार मोबाइल असतील तर चार उत्तरं येतील.

फॉर्मची खरी गळती वेगळीच असते. उत्तरांच्या शीटमध्ये पहिला रकाना “Timestamp”चा. कुणी रात्री सव्वानऊला ग्रुपवर “फॉर्म भरला” असं लिहिलं, की सव्वानऊच्या आसपासची ओळ त्याची, हे शीट उघडलेल्या माणसाला कळतं. म्हणून शीट सेक्रेटरींच्या नव्हे, ज्यांना या वाढीत फारसा रस नाही अशा एखाद्या सभासदाच्या खात्यात असावं. मुदत संपेपर्यंत ते कुणी उघडू नये. “भरला” असं ग्रुपवर लिहू नका, हेही आधीच सांगावं.

घरटी एकच मत यावं आणि तरी मत कुणाचं ते कळू नये, यासाठी चिठ्ठ्यांची एक पद्धत फार चांगली चालते. K7M4, R2T9 असे क्रम नसलेले साठ संकेत छापायचे, पट्ट्या कापून एकसारख्या घड्या घालायच्या आणि मोठ्या पातेल्यात ढवळायच्या. घरं अठ्ठेचाळीस असताना साठ अशासाठी, की शेवटच्या घरालाही निवड राहावी. दोन दिवस संध्याकाळी गेटपाशी टेबल लावायचं. सभासदाने यायचं, यादीत आपल्या फ्लॅटसमोर सही करायची आणि पातेल्यातून स्वतःच्या हाताने एक पट्टी उचलायची. देणाऱ्याने पट्टी हातात द्यायची नाही, मुद्दा तिथेच आहे. यादी सांगते की फ्लॅटने पट्टी घेतली, पण कोणती ते कुणालाच माहीत नाही. फॉर्ममध्ये तोच संकेत भरायचा. एकच संकेत दोनदा आला तर आधीचं उत्तर धरायचं, यादीबाहेरचा आला तर बाद. उरलेल्या पट्ट्या टेबल उचलताना सगळ्यांदेखत मोजून फाडायच्या. साठातून वाटलेल्या वजा करून तेवढ्याच उरल्या पाहिजेत.

ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तर मी सरळ कागदी चिठ्ठीच वापरीन. त्यात काळजी घ्यायची ती अक्षराची. फक्त चौकोनात खूण, लिहायला ओळच ठेवायची नाही. सगळ्यांना एकाच शाईचं पेन, ते पेटीजवळ बांधून ठेवलेलं. फ्लॅट भाड्याने देऊन पुण्यात किंवा दुबईत राहणाऱ्या मालकांसाठी टपाली मतपत्रिकेची युक्ती घ्यावी. निवडणुकीत टपाली मत दोन लिफाफ्यांत जातं. आतल्यात मतपत्रिका, बाहेरच्यात आतला लिफाफा आणि मतदाराचं सही केलेलं प्रतिज्ञापत्र. मोजताना आधी बाहेरचा उघडून ओळख तपासतात, मग आतला. आपणही तेच करायचं : बाहेरच्या पाकिटावर फ्लॅट नंबर आणि सही, आतलं पाकीट कोरं. सही तपासली की आतलं पाकीट न उघडता पेटीत, आणि सगळी पाकिटं एकत्र झाल्यावरच उघडायची.

आपल्या उदाहरणात मुदतीअखेर एकोणचाळीस चिठ्ठ्या पेटीत निघाल्या. दोघींवर दोन-दोन खुणा होत्या, त्या बाद. वैध सदतीस. वाढ नको ९, तीनशेपर्यंत ८, पाचशेपर्यंत ११, आठशेपर्यंत ९.

आता हे सांगायचं कसं? कमिटीतला उत्साही माणूस म्हणेल, “सदतीसपैकी अठ्ठावीस जणांना वाढ मान्य, म्हणजे ७६ टक्के लोक आमच्या बाजूने.” विरोधक म्हणेल, “कमिटीच्या आठशेला फक्त नऊ जण तयार, ७६ टक्के लोकांनी वाढ फेटाळली.” दोघांचा ७६ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे आणि दोघंही लोकांची दिशाभूल करतायत. यावर उपाय आकडे चढत्या रकमेने मांडण्याचा. जो आठशेला तयार आहे तो पाचशेलाही तयार आहे आणि तीनशेलाही. म्हणून तीनशेची वाढ चालेल असे ८ अधिक ११ अधिक ९, म्हणजे अठ्ठावीस. पाचशेची चालेल असे वीस. आठशेची चालेल असे नऊ. ही तीन वाक्यं वाचली की वाद कुठे आहे ते लगेच दिसतं. वाढ हवी की नको हा वाद उरत नाही. तीनशे की पाचशे, एवढाच प्रश्न राहतो.

पण अजून एक गोष्ट राहिली, आणि सोसायट्यांचे निकाल बहुतेक वेळा इथेच घसरतात. मत न मोजलेली घरं अकरा आहेत, नऊ न आलेली आणि दोन बाद. पाचशेला वीस म्हणजे वैध सदतीसांत ५४ टक्के. बहुमत वाटतं. अठ्ठेचाळीस घरांत मात्र ते ४२ टक्केच. न आलेली घरं कुठल्या बाजूची, हे कुणाला माहीत नाही, आणि मौन म्हणजे संमती असं धरायचा अधिकार कुणालाच नाही. तेव्हा दोन्ही टोकं तपासायची. अकराही घरं विरोधात आहेत असं धरलं, तर पाचशेच्या बाजूने वीस आणि विरोधात अठ्ठावीस. अकराही बाजूने धरली, तर बाजूने एकतीस. म्हणजे पाचशेचा कौल या चिठ्ठ्यांवरून ठरत नाही. तीनशेचं तसं नाही. सगळी अकरा घरं विरोधात गेली तरी अठ्ठावीस विरुद्ध वीस, म्हणजे सगळ्या घरांत धरूनही बहुमत. कमिटीच्या हातात यापेक्षा भक्कम माहिती असू शकत नाही : तीनशे निःशंक, पाचशेसाठी सभेत चर्चा, आठशे सध्या सोडून द्यावेत.

टक्के देताना दशांश टाळावेत. सदतीस चिठ्ठ्यांवर ‘५४.०५ टक्के’ लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. खरं तर एवढ्या लहान संख्येत टक्क्यांपेक्षा घरांची संख्याच सांगावी.

यानंतर हमखास मागणी येते, “विंगवार आकडे द्या.” मागणी वरवर निरुपद्रवी आहे. पण चिठ्ठीवर विंग विचारली असेल तर काय होतं ते पाहा. समजा, सी विंगमधून पाच चिठ्ठ्या आल्या आणि पाचही ‘वाढ नको’. हे जाहीर झालं की सी विंगमध्ये ज्यांनी ज्यांनी चिठ्ठी टाकली त्या प्रत्येकाचं मत उघड झालं. सह्यांच्या यादीवरून ती पाच घरं कोणती हेही कळतं. मग कमिटी म्हणते, बरं, सी विंग वगळून फक्त ए आणि बीचे आकडे देऊ. तेही चालत नाही. एकूण ‘वाढ नको’ नऊ, ए आणि बी मिळून चार, म्हणजे राहिलेले पाच कुठले, हे सातवीतलं पोर सांगेल. एक गट लपवायचा तर त्याच्या जोडीने दुसराही लपवावा लागतो, नाहीतर वजाबाकी करता येते.

हा प्रश्न देशाच्या निवडणुकांनाही पडलेला आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. मतदान यंत्रांनी केंद्रावारी आकडे दिसू लागले आणि कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं हे उमेदवाराला समजू लागलं. त्यावर चौदा यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. कायदा आयोगाने २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, पण तो अमलात आला नाही. हजार मतदारांच्या केंद्रात ही भीती आहे, तर आठ घरांच्या विंगमध्ये किती असेल!

म्हणून माझा नियम कडक आहे. चिठ्ठीवर विंग, मजला, वय, मालक की भाडेकरू, काहीही विचारू नये. फारच गरज असेल तर ज्या गटातून किमान दहा वैध मतं आली आहेत आणि ज्यात सगळ्यांनी एकच पर्याय निवडलेला नाही, तेवढेच गट वेगळे दाखवावेत. हा नियम कौलाच्या आधीच नोटीस बोर्डावर लावावा. निकाल हाती आल्यावर नियम ठरवला तर तो सोयीचा वाटतो आणि असतोही.

मुदत चालू असताना मधले आकडे सांगणं हाही गळतीचा मार्ग. “काल ‘नको’ चार होते, आज पाच झाले” असं कुणी बोललं आणि त्या दिवशी टेबलाजवळ एकच सभासद येऊन गेला असेल, तर काही शिल्लक राहत नाही. किती घरांनी चिठ्ठी टाकली एवढंच सांगावं, काय टाकलं ते पेटी उघडेपर्यंत कुणालाच कळू नये.

सी विंगची तक्रार खरी असेल, त्यांच्या गच्चीची गळती तीन पावसाळे तशीच असेल, तर ती ऐकायची कशी? त्यासाठी कारणांचा एक छोटा प्रश्न ठेवावा, तोही खुणेचा : खर्चाचा तपशील समजला नाही, आधी थकबाकी वसूल करावी, आमच्या बाजूचं काम राहिलं आहे, घरच्या बजेटला झेपत नाही. मोकळी जागा देऊन “तुमचं मत लिहा” म्हणू नये. “आईची व्हीलचेअर लिफ्टमधून जात नाही” असं एक वाक्य आलं की अख्ख्या इमारतीला घर कळतं. सूचना हव्याच असतील तर त्यांची वेगळी चिठ्ठी, वेगळी पेटी, आणि फलकावर मूळ मजकूर न लावता आशय आपल्या शब्दांत.

‘झेपत नाही’वर दोनच खुणा आल्या तर? ‘दोन’ असं लिहिलं की लोक दोन घरं शोधू लागतात, आणि हा शोध सगळ्यात जास्त दुखावणारा असतो. पूर्ण गाळलं तर ज्यांच्यासाठी हा कौल घेतला त्यांचाच आवाज गेला. अशा वेळी ‘पाचपेक्षा कमी’ असं लिहावं, आणि दुसरंही एखादं लहान कारण तसंच लिहावं, म्हणजे वजाबाकी होत नाही. आणि कमिटीने त्यावर काहीतरी करावं. वाढ दोन टप्प्यांत लावता येते. ती कोणासाठी हे न विचारता सगळ्यांना लागू होते, त्यामुळे कुणाला हात पसरावा लागत नाही.

फलकावर लावायचा निकाल एका पानात बसतो. तो साधारण असा असावा :

“कौलाचा प्रश्न : सध्याच्या ३,००० रुपयांवर दरमहा जास्तीत जास्त किती वाढ तुम्हाला मान्य आहे? एकूण घरे ४८. चिठ्ठ्या आल्या ३९, बाद २, वैध ३७. वाढ नको ९; ३०० पर्यंत ८; ५०० पर्यंत ११; ८०० पर्यंत ९. म्हणजेच ३०० ची वाढ चालेल अशी घरे २८, ५०० ची चालेल अशी २०, ८०० ची चालेल अशी ९. ११ घरांचे मत यात नाही. ती सर्व विरोधात धरली तरी ३०० च्या वाढीला निम्म्याहून जास्त घरांची तयारी दिसते. ५०० बाबत तसे म्हणता येत नाही. विंगवार आकडे गोळा केलेले नाहीत. हा निर्णय नाही. निर्णय सर्वसाधारण सभेत होईल.”

खाली मोजणाऱ्या तिघांच्या सह्या असाव्यात. त्यांतला एक कमिटीबाहेरचा आणि एक वाढीला उघड विरोध असलेला असावा. विरोधकाची सही असली की निकालावर दुसऱ्या दिवशी शंका येत नाही. हा कागद विषयपत्रिकेसोबत पाठवावा. वार्षिक सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, तेव्हा कौल ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरकलेला बरा. निकाल कमिटीच्या मनासारखा आला नाही तरी लावायचाच, हे आधी लेखी कबूल केलेलं असावं. न लावलेला एक निकाल पुढच्या सगळ्या कौलांना पुरतो, कारण नंतर कुणी चिठ्ठी टाकत नाही.

चिठ्ठ्या सभा होईपर्यंत बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर तिघांच्या सह्या. सभेत कुणाला फेरमोजणी हवी असेल तर तिथेच करावी. ठराव झाला की चिठ्ठ्या आणि संकेतांच्या पट्ट्या तिघांसमोर नष्ट कराव्यात, फॉर्म वापरला असेल तर शीटही पुसावं. फलकावरचं पान मात्र इतिवृत्ताला जोडून ठेवावं. दोन वर्षांनी पुन्हा वाढीचा विषय आला की हाच प्रश्न, याच शब्दांत विचारता येईल आणि तीनशे-पाचशेची रेघ कुठे सरकली ते समजेल.